कंपनीतलं भांडण लवादाकडे न्यायचं की न्यायाधिकरणाकडे?

आजचा विषय थोडा कोर्टकचेरीचा आहे, पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरात पेटीत शेअरचा दाखला ठेवलेला आहे, त्यांच्या थेट कामाचा आहे. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता उत्पादक कंपनीच्या सभासद आहेत. हजार-पाचशे रुपये भरले, दाखला मिळाला, वर्षाला सभेचा चहा झाला, आणि विषय संपला असं वाटतं. पण तो दाखला हातात असला की आपण कंपनीच्या भागधारक असतो. भागधारकाचं आणि कंपनीचं वाजलं तर ते कुठे न्यायचं, हे कायद्यानं ठरवून ठेवलेलं आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुमचा बचत गट म्हणजे कंपनी नव्हे. सहकारी संस्था असेल तर तिचा कायदा वेगळा, तिथली भांडणं सहकार न्यायालयात जातात. आज आम्ही बोलतोय ते फक्त उत्पादक कंपनीबद्दल. जिच्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ असं लिहिलेलं असतं, ती. दाखला काढून एकदा नाव वाचा.

साध्या खासगी कंपनीत दोन-चार भागीदार आपसात करार करतात आणि त्यात एक कलम घालतात, की भांडण झालं तर कोर्टात न जाता लवाद नेमू. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेला तिऱ्हाईत. तो दोघांचं ऐकतो, कागद बघतो आणि निवाडा देतो. तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल करता येतो. असं कलम करारात नसेल तर लवाद नाही. उत्पादक कंपनीत मात्र उलटं आहे. कंपनी कायदा २०१३ मध्ये उत्पादक कंपन्यांचा वेगळा भाग आहे, त्यातल्या ३७८ झेड-ओ या कलमात म्हटलंय की कंपनीची स्थापना, व्यवस्थापन किंवा धंदा यांवरून सभासदा-सभासदांत, किंवा सभासद आणि कंपनी किंवा तिचं संचालक मंडळ यांच्यात वाद झाला, तर तो समेटानं किंवा लवादानं सोडवायचा, जणू काही दोन्ही बाजूंनी तशी लेखी संमती दिलेलीच आहे. म्हणजे तुम्ही कुठल्याही कराराखाली अंगठा दिलेला नसला तरी लवादाचं कलम तुम्हाला लागू आहे. सभासद झालात त्याच दिवशी ते लागू झालं.

त्याच कलमात वाद म्हणजे काय काय, हेही सांगितलंय. येणी-देणी आली. सभासदानं कबूल केलेला माल घातला नाही म्हणून कंपनीनं केलेला दावा आला. आणि सभासदानं घातलेला माल कंपनीनं उचलला नाही म्हणून सभासदानं केलेला दावाही आला.

आता एक उदाहरण घेऊ. हे आम्ही समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे, कुठल्या गावाचं नाही. समजा, ६४० बायांची एक तूर उत्पादक कंपनी आहे. एका ताईनं ६ क्विंटल तूर घातली. कंपनीनं दरातले क्विंटलमागे ४०० रुपये मागे ठेवले आणि दिवाळीला देऊ असा ठराव केला. कायद्यात याला रोखून ठेवलेली किंमत म्हणतात, आणि असं करणं चुकीचं नाही. दिवाळी आली, बाकीच्यांना पैसे मिळाले, ताईला सांगितलं की तुझा माल ओला होता. तिचे २,४०० रुपये अडकले. हा वाद पैशाचा आहे, एका बाईचा आणि कंपनीचा आहे, आणि त्याचा निकाल कसाही लागला तरी उरलेल्या ६३९ जणींच्या हक्काला धक्का लागत नाही. हा सरळसरळ समेटाचा किंवा लवादाचा विषय. हे घेऊन मुंबईच्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तर ते म्हणेल की तुमची वाट तिकडे आहे, इथे का आलात.

या ताईनं काय करावं? आमच्या मते आधी समेटाचं पत्र द्यावं. लवादाआधी समेट ही पायरी स्वस्त आहे आणि गावात एकमेकींची तोंडं बघायची असतात, हेही खरं. पत्रात किती माल घातला, कुठल्या तारखेला, वजनपावती कितीची, ठराव कधी झाला आणि किती रक्कम बाकी, एवढंच लिहावं. शिवीगाळ नको. पत्र पाठवल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर समेटाला नकार आला असं धरता येतं. उत्तर आलं, दोघींना मान्य असा समेटकार मिळाला आणि बोलणी जमली, तर जे ठरलं ते लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. सह्या झालेला हा समझोता लवादाच्या निवाड्याइतकाच पक्का असतो. आणखी एक सोय अशी की समेटाच्या बैठकीत तुम्ही जे बोललात, ‘बरं, हजार कमी द्या’ असं म्हणालात, ते पुढे लवादापुढे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून तिथे मोकळेपणानं बोलावं.

समेट नाही झाला तर लवाद. त्याची सुरुवात लेखी नोटिशीनं होते. नोटिशीत एका माणसाचं नाव सुचवायचं. समोरच्यानं ३० दिवसांत मान्य केलं नाही, किंवा दोघांचं एकमत झालं नाही, तर उच्च न्यायालयाकडे लवाद नेमून मागता येतो. २,४०० रुपयांसाठी कुणी उच्च न्यायालयात जाणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण हेच ४०० रुपये साठ जणींचे अडकले असतील, तर सगळ्यांनी आणि कंपनीनं मिळून एकच लवाद मान्य करावा आणि सगळे दावे एका बैठकीत ऐकवावेत. खर्च वाटला जातो. फक्त तीन वर्षांच्या आत हालचाल करा, त्यानंतर दावा मुदतबाह्य होतो.

आता जरा कंपनीच्या नियमावलीकडे वळू, जिला आर्टिकल्स म्हणतात. तिची प्रत तुमच्या गटात एक तरी असायला हवी. तिच्यात वादाबद्दलचं कलम शोधा. काही ठिकाणी असं लिहिलेलं सापडेल: ‘वाद उद्भवल्यास अध्यक्ष लवादाची नेमणूक करतील.’ वाचायला सोपं वाटतं, पण जिच्याविरुद्ध तक्रार आहे तीच पंच निवडणार, असा त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन या खटल्यात सांगितलं, की निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्यानं एकट्यानं एकमेव लवाद नेमू नये. आणि कंपनीची संचालिका, कर्मचारी किंवा सल्लागार स्वतः लवाद म्हणून बसू शकत नाही. त्याला एकच वाट आहे, वाद झाल्यानंतर दोन्ही बाजूंनी लेखी लिहून दिलं की आमची हरकत नाही. वाद होण्याआधी भरून घेतलेल्या फॉर्ममधली सही त्याला चालत नाही. आणि लवादाचा शेरा लागला की ‘अध्यक्षबाई माझ्या आत्येसासूच आहेत, त्याच बघतील’ म्हणून आपण सह्या देऊन बसतो, तेवढं टाळा.

त्याच कलमात ठिकाण आणि भाषा लिहिलेली आहे का, ते पाहा. दोन्ही बाजू ठरवतील ते ठिकाण आणि ठरवतील ती भाषा कायद्याला चालते. ‘कामकाज जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मराठीत चालेल’ एवढं एक वाक्य असेल, तर बाई स्वतः बोलू शकते. काहीच लिहिलेलं नसेल आणि दोघांचं जमलं नाही, तर ते लवाद ठरवतो. असा बदल सर्वसाधारण सभेत विशेष ठरावानं करून घ्यावा लागतो, म्हणून भांडण नसताना, शांतपणे, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो घालायला सांगा. भांडण पेटल्यावर कुणी बदलून देत नाही.

इथपर्यंत सोपं होतं. आता त्याच कंपनीत दुसरं काय घडलं ते पाहू. समजा, संचालक मंडळानं एका बैठकीत १८० बायांची नावं सभासदांच्या नोंदवहीतून कमी केली. कारण दिलं, की या आता उत्पादन घेत नाहीत. त्यांना नोटीस दिली नाही, त्यांचं म्हणणं ऐकलं नाही. योगायोग असा, की या १८० जणी मागच्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूला होत्या. उरल्या ४६०. त्यानंतर कंपनीची डाळमिल एका संचालिकेलाच मामुली भाड्यानं देऊन टाकली. सभेत विचारलं तर माईक बंद.

हे भांडणही व्यवस्थापनाचंच आहे, मग हेही लवादाकडेच का नाही? आमच्या बैठकांत हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचं उत्तर लवादाला काय देता येतं आणि काय देता येत नाही, यात आहे. लवाद दोन बाजूंमधलं देणंघेणं ठरवतो आणि त्याचा निवाडा त्या दोन बाजूंनाच बांधतो. पण सभासदांची नोंदवही ही काही दोघींची खासगी बाब नाही. बँक ती बघते, निवडणूक तिच्यावर होते, लाभांश तिच्यावर वाटला जातो. संचालिकेला पदावरून काढणं, मंडळावर नवा माणूस बसवणं, कंपनीचा पुढचा कारभार कसा चालावा हे घालून देणं, हे सगळं त्या चर्चेत नसलेल्या बायांवरही लागू होतं. म्हणून अशा बाबी कायद्यानं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दिल्या आहेत. लोक त्याला एनसीएलटी म्हणतात. आपल्याकडच्या कंपन्यांचं काम त्याच्या मुंबई पीठापुढे चालतं. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात हा दावा लावून उपयोग नाही, जे न्यायाधिकरणानं ठरवायचं ते दिवाणी कोर्टानं ऐकायचं नाही असंही त्याच कायद्यात आहे.

मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये राकेश मल्होत्रा यांच्या खटल्यात हे नीट उलगडून सांगितलं. ते भांडण एका घराण्यातल्या कंपन्यांचं होतं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी म्हटलं, की भागधारकांवरची दडपशाही आणि गैरव्यवस्थापन यांच्या अर्जात जे उपाय मागितले जातात ते लवाद देऊ शकत नाही, म्हणून लवादाचं कलम असलं तरी तो अर्ज लवादाकडे पाठवता येत नाही. (त्या वेळी एनसीएलटी नव्हतं, कंपनी लॉ बोर्ड होतं.) पण त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. मुळात भांडण कराराचं किंवा पैशाचं आहे आणि लवाद चुकवण्यासाठी त्याला दडपशाहीचा सदरा घातला आहे असं दिसलं, तर तो सदरा काढून बघायचा आणि प्रकरण लवादाकडे पाठवायचं. म्हणजे अर्जावर मथळा काय लिहिलाय याला महत्त्व नाही. आत काय मागितलंय आणि ते द्यायला कुणाचा हात पोचतो, हे बघितलं जातं. कंपनी बंद करून तिचा हिशोब मिटवण्याचा हुकूमही लवाद देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं त्याच्याही आधी, १९९९ मध्ये सांगितलेलं आहे.

आपल्या उत्पादक कंपन्यांत समोरची बाजू एक मुद्दा हमखास काढणार: ‘३७८ झेड-ओ मध्ये व्यवस्थापन हा शब्द आहे, म्हणजे सगळंच लवादाकडे.’ वादाचा विषय या कलमात बसतो का, हा प्रश्न आला तर तो लवादानं ठरवायचा आणि त्याचं म्हणणं अंतिम, असंही त्या कलमात पुढे आहे. म्हणून हा मुद्दा हलका समजू नका. त्याला तोंड द्यायचं तर अर्जाची मांडणी स्वच्छ हवी. आमची सूचना अशी, की ताईचे २,४०० रुपये या अर्जात घालूच नका. बायांना वाटतं, एवढ्या लांब जातोच आहोत तर सगळंच लिहू. तूर ओली की सुकी, वाहतुकीचे पैसे, राहिलेला बोनस, सगळं. तसं केलं की अर्ज पैशाच्या भांडणासारखा दिसायला लागतो आणि समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं. पैशाची पत्रं वेगळी, समेटाकडे. नोंदवही, संचालक आणि डाळमिल यांचा अर्ज वेगळा, न्यायाधिकरणाकडे.

समोरच्यांनी प्रकरण लवादाकडे पाठवा अशी मागणी करायची असेल, तर त्यांनाही वेळेचं बंधन आहे. मूळ वादावर आपलं पहिलं लेखी म्हणणं देण्याआधी किंवा देतानाच त्यांनी ती करायला हवी. आधी सविस्तर उत्तर देऊन, दोन तारखा चालवून, मग लवादाची आठवण झाली तर उशीर झालेला असतो. म्हणून त्यांच्या पहिल्या कागदाची तारीख आणि त्यात काय लिहिलंय, हे आपल्या वकिलाला जरूर विचारा.

आता तिथे अर्ज कोण करू शकतं? दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाचा अर्ज एकटीला करता येत नाही. १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यातला जो आकडा कमी असेल तेवढ्या जणी लागतात. आपल्या उदाहरणात ४६० उरल्या, त्यांचा दशांश ४६. पण नावं कमी करणंच बेकायदा होतं असं आपण म्हणतोय, म्हणजे खऱ्या सभासद ६४० आणि दशांश ६४. शहाणपण यात, की ज्यांचं नाव आजही वहीत आहे अशा ६४ जणींच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे कुठल्याही बाजूनं मोजलं तरी भरतं. त्यांनी शेअरचे मागितलेले सगळे पैसे भरलेले हवेत, पावत्या तपासा. आकडा भरतच नसेल तर न्यायाधिकरण ही अट माफ करू शकतं, पण ते त्याच्या मर्जीवर.

ज्या १८० जणींची नावं गेली त्यांना मात्र ही वाट बघत बसायची गरज नाही. पुरेशा कारणाशिवाय नाव वगळलं, तर ते परत घालून मिळावं म्हणून कलम ५९ खाली एकटी बाईसुद्धा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. तिला ६४ सह्या लागत नाहीत. उत्पादक कंपनीच्या भागात असं आहे, की सभासद आता मूळ उत्पादक राहिली नाही असं मंडळाला वाटलं तर ते तिला शेअर परत करायला सांगू शकतं, पण त्याआधी लेखी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. म्हणून ती नोटीस आली होती का, हाच कळीचा प्रश्न. पोस्टाची पोच, सही, काहीतरी कंपनीनं दाखवायला हवं.

आपलं म्हणणं पटलं तर न्यायाधिकरण काय करू शकतं? पुढचा कारभार कसा करायचा ते घालून देऊ शकतं. संचालिकेला काढू शकतं, संचालिकेशी केलेला भाड्याचा करार रद्द करू शकतं किंवा बदलू शकतं, पदावर असताना तिनं उपटलेला नफा वसूल करून घेऊ शकतं. अर्ज चालू असताना मिल विकू नका असा तात्पुरता हुकूमही देऊ शकतं. पण त्यासाठी नुसता ‘कारभार बरा नाही’ हे पुरत नाही. धंद्यात खोट आली, तुरीचा अंदाज चुकला, दर पडले, यात दडपशाही नसते. कारभार सभासदांना जाचक आहे किंवा कंपनीच्या हिताला मारक आहे, आणि तो इतका वाईट आहे की एरवी कंपनी बंद करणंच न्याय्य ठरलं असतं, पण बंद केली तर सभासदांचंच नुकसान होईल, असं दाखवावं लागतं. इथे बरेच अर्ज आपटतात.

न्यायाधिकरणात गेलो म्हणजे बोलण्याची दारं बंद झाली असं नाही. मध्यस्थांची यादी ठेवण्याची तरतूद कंपनी कायद्यात आहे. प्रकरण चालू असताना कुठलीही बाजू मध्यस्थी मागू शकते, न्यायाधिकरणही आपणहून पाठवू शकतं. १८० जणींची नावं परत घ्यायची आणि मिलचं भाडं लिलावानं ठरवायचं, एवढ्यावर दोन्ही बाजू आल्या, तर ते लिहून न्यायाधिकरणापुढे ठेवायचं आणि हुकूम त्यानंच द्यायचा. खोटे कागद केल्याचा, मोठ्या फसवणुकीचा गंभीर आरोप असेल, तर ते प्रकरण या मध्यस्थीला पाठवत नाहीत. हुकूम पटला नाही तर ४५ दिवसांत वरच्या अपिली न्यायाधिकरणाकडे जाता येतं.

या सगळ्याआधी दोन कागद मिळवा. सभासदांची नोंदवही कंपनीच्या कचेरीत असते आणि सभासदाला ती फी न भरता बघता येते. सर्वसाधारण सभांचं इतिवृत्तही तसंच बघता येतं आणि फी भरून त्याची प्रत मागता येते. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. दाखवायला नकार दिला, तर तो नकारच पुढे पुरावा होतो. आणि वकिलाच्या खर्चाचं म्हणाल, तर बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि तो न्यायाधिकरणातल्या कामालाही लागू आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. जाताना शेअरचा दाखला, भरणा पावती, नियमावलीची प्रत आणि आतापर्यंतची पत्रं तारखेनुसार लावून न्या.